रिकिबीने घोडदळाला नेमकं काय दिलं?

मंगोलियाच्या पश्चिमेला खोव्द प्रांत आहे. तिथल्या अल्ताय डोंगरातल्या ऊर्द उलान उनीत नावाच्या गुहेत 2015 साली चोरट्यांनी एक प्राचीन दफन उचकटलं. पोलिसांनी जप्त केलेल्या मालात एक लाकडी खोगीर होतं. बर्च झाडाचे तुकडे लाकडी खिळ्यांनी जोडून केलेलं, काळ्या रंगाचं, कडेला लाल पट्टी. 2023 च्या अखेरीला त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे खोगीर साधारण चौथ्या शतकातलं, म्हणजे लाकडी सांगाड्याच्या जगातल्या सगळ्यात जुन्या खोगिरांपैकी एक. त्याला चामडी पट्टे आहेत आणि ते बहुधा रिकिबी लटकवण्यासाठी असावेत, असं संशोधकांचं मत आहे.

रिकीब म्हणजे घोडेस्वार ज्यात पाय ठेवतो ते खोगिराला लटकणारं कडं. वस्तू इतकी साधी आहे की ती माणसाला घोड्याइतक्याच जुन्या काळापासून माहीत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात माणूस घोड्यावर बसून लढू लागल्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी ती आली. मग आधीचे स्वार लढत कसे होते, आणि रिकीब आल्यावर नेमकं काय बदललं?

## रिकिबीआधीचा स्वार

नवव्या शतकातल्या, अर्थात इसवी सनापूर्वीच्या, असीरियन राजांच्या शिल्पांत घोडेस्वार जोडीने दिसतात. एक जण बाण सोडतो आणि शेजारचा दोन्ही घोड्यांचे लगाम धरून ठेवतो. लगाम सोडून दोन्ही हात धनुष्याला लावावेत इतका भरवसा अजून आला नव्हता. पुढच्या पिढ्यांनी तो कमावला. गवताळ प्रदेशातले शक लोक मागे वळून बाण मारू शकत, अलेक्झांडरचे स्वार भाले घेऊन शत्रूच्या फळीत घुसत. इ.स.पू. 53 मध्ये कॅऱ्हे इथे पार्थियन घोडदळाने रोमच्या क्रॅससची फौज धुळीला मिळवली. यांतल्या कोणाकडेही रिकीब नव्हती.

म्हणजे रिकिबीशिवाय घोडदळ लढूच शकत नाही, हा समज चुकीचा आहे. रोमन खोगिराला चार कोपऱ्यांवर चार शिंगं असत. स्वाराच्या मांड्या त्यांत अडकून राहत आणि तो बऱ्यापैकी घट्ट बसे. आजच्या काळात तशी खोगिरं पुन्हा बनवून लोकांनी घोडे पळवून पाहिले आहेत, त्यांवरून वार करून पाहिले आहेत. ते जमतं.

पण त्याची किंमत मोठी होती. सगळा भार मांडीवर असे. आपल्याकडे पक्का स्वार ओळखायचा तर त्याची मांड बघतात. गुडघे आणि मांड्या घोड्याच्या अंगाला आवळून, धक्का बसला तरी न हलता राहण्याची ती ताकद असते. ती येण्यासाठी लहानपणापासून घोड्यावर वाढावं लागतं. शेतातून उचलून आणलेल्या विशीतल्या तरुणाला ती काही महिन्यांत देता येत नाही.

घोड्यावर चढणं हाही मोठा प्रश्न होता. ग्रीक सेनानी झेनोफनने घोडेस्वारीवर लिहिताना भाल्याचा आधार घेऊन उडी कशी मारायची हे शिकवलं आहे. रोममध्ये गायस ग्रॅकसने रस्त्यांच्या कडेला ठरावीक अंतरांवर दगड बसवले होते, स्वारांना चढता यावं म्हणून. हिरोडोटस सांगतो की इराणचा बादशहा कँबायसिस घोड्यावर उडी मारून बसताना त्याच्या म्यानाचं टोक गळून पडलं, उघडी तलवार मांडीत घुसली आणि त्या जखमेनेच तो मेला. लांब प्रवासात आणखी एक त्रास होई. पाय तासन्‌तास खाली लोंबकळत राहत. शक लोकांच्या दुखण्यांचं एक कारण हे लोंबकळणारे पाय आहेत, असं प्राचीन ग्रीक वैद्यांनी लिहून ठेवलं आहे.

## पहिली रिकीब एका पायाचीच होती

आपल्या भाजे लेण्यांत आणि सांचीच्या स्तूपावर, म्हणजे इसवी सनाच्या आसपासच्या शिल्पांत, काही स्वारांचे पाय खोगिराच्या तंगात, घोड्याच्या पोटाखालून आवळलेल्या पट्ट्यात, खुपसलेले दिसतात. पायाला आधार हवा ही जाणीव इथे स्पष्ट आहे. पण अशा पट्ट्यात पायाचा पुढचा भागच अडकतो, त्यावर सगळं वजन टाकून उभं राहता येत नाही. शिवाय हा उपाय अनवाणी पायाचा, म्हणजे उष्ण प्रदेशाचा. जाड बूट घालणाऱ्या थंड मुलखात तो चालण्यासारखा नव्हता.

कडक आणि टांगती रिकीब आपल्याला पहिल्यांदा चीनमध्ये स्पष्ट दिसते. हूनान प्रांतातल्या चांगशा इथल्या एका कबरीतून मातीचे घोडेस्वार सापडले. ही कबर इ.स. 302 ची. त्यांतल्या काही घोड्यांच्या खोगिराला डाव्या बाजूला त्रिकोणी रिकीब आहे, पण फक्त डाव्याच बाजूला. तिचा पट्टा आखूड आहे आणि स्वाराचा पाय तिच्यात नाही. म्हणजे ही वर चढण्यापुरती पायरी होती. चढून झालं की तिचं काम संपलं.

याच्या वीस वर्षांनी, इ.स. 322 च्या सुमाराच्या नानजिंगजवळच्या कबरीत, मातीच्या घोड्याला दोन्ही बाजूंना रिकीब दिसते. इ.स. 415 मध्ये उत्तर यान राज्याचा फंग सूफू हा सरदार वारला. त्याच्या कबरीत तर खऱ्या रिकिबींची जोडीच मिळाली. आत तुतीचं लाकूड आणि वरून सोन्याचा मुलामा दिलेला कांस्याचा पत्रा. पायरीची रिकीब होण्याचा हा प्रवास साधारण एका शतकात झाला.

तो तिथेच का झाला याचं पटण्यासारखं एक स्पष्टीकरण आहे. चौथ्या शतकात उत्तर चीनवर श्यानबे आणि इतर घोडेस्वार टोळ्यांच्या राजघराण्यांची सत्ता आली. त्यांच्या फौजेत स्वारालाच काय, घोड्यालाही चिलखत असे. एवढ्या वजनाने झेनोफनसारखी उडी मारता येत नाही. घोड्यावर जन्म काढणाऱ्यांच्या पद्धती आणि चिनी कारागिरांची धातूकला इथे एका छावणीत आली, आणि ज्यांची मांड जन्मजात नव्हती असेही पुष्कळ लोक त्याच छावणीत होते. गरज त्यांना जास्त होती.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. चामड्याची किंवा नुसत्या लाकडाची रिकीब जमिनीत कुजून जाते. 302 ही आपल्या हाती लागलेल्या पुराव्याची तारीख आहे, शोधाची नाही. म्हणूनच मंगोलियातल्या थंड कोरड्या गुहेतलं खोगीर इतकं मोलाचं ठरतं. गवताळ प्रदेशातले लोकही हे तंत्र जवळपास त्याच काळात वापरत असावेत, असं त्यावरून दिसतं.

## पाय टेकल्याने काय होतं?

एका उंच स्टुलावर बसा, पाय अधांतरी सोडा आणि हातात हातोडा घेऊन बाजूच्या भिंतीवर जोरात मारायचा प्रयत्न करा. फटका बसेल, पण तुमचं अंगही उलट दिशेला ढकललं जाईल आणि तोल सावरण्यात निम्मी ताकद जाईल. आता त्याच स्टुलाच्या आडव्या दांडीवर पाय टेकवा आणि पुन्हा मारा. फरक लगेच जाणवतो.

रिकिबीने स्वाराला मुख्यतः हा आडवा तोल दिला. तलवारीचा वार चुकला की तिच्या झोकाने स्वार त्याच बाजूला ओढला जातो. रिकीब नसेल तर त्याला विरुद्ध बाजूची मांडी आवळून स्वतःला थांबवावं लागतं. रिकीब असेल तर त्या बाजूच्या पायावर भार टाकला की झालं. पुढे वाकून, खाली झुकून, जमिनीवरच्या माणसावर पूर्ण ताकदीने वार करता येतो.

दुसरा फायदा तिरंदाजाचा. घोडा भरधाव असताना खोगिराला टेकून बसलेल्या माणसाला प्रत्येक टापेचा हादरा बसतो. रिकिबीत उभं राहिलं की गुडघे आणि घोटे तो हादरा पिऊन टाकतात, कमरेच्या वरचं अंग बरंच स्थिर राहतं आणि नेम लागतो. गवताळ प्रदेशातले तिरंदाज रिकिबीचा पट्टा आखूड ठेवत, त्याचं कारण हेच. गुडघे वाकलेले असल्याशिवाय उभं राहायला जागाच उरत नाही.

आणि तिसरा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. जी स्थिरता मिळवायला बालपण घोड्यावर घालवावं लागे, तिचा मोठा भाग आता मोठ्या माणसाला थोड्या शिकवणीत मिळू लागला. तरबेज स्वार थोडा अधिक तरबेज झाला, पण मध्यम स्वार एकदम कामाचा झाला. शेतीप्रधान राज्यांना घोडदळ उभारणं त्यामुळे सोपं गेलं.

## नुसती रिकीब पुरत नाही

रिकीब साध्या गादीसारख्या खोगिरावर लटकवली तर काय होतं? स्वार उभा राहतो तेव्हा त्याचं सगळं वजन दोन पट्ट्यांतून घोड्याच्या पाठीवर एका अरुंद रेषेत येतं, तेही थेट कण्यावर. काही दिवसांत पाठ सोलवटते, जखम होते आणि घोडा मोहिमेतून बाद होतो. जखम भरली तरी त्या जागी पांढरे केस उगवतात. जुन्या घोड्याची पाठ बघून त्याला कसलं खोगीर घातलं जात होतं हे जाणकार सांगतात, ते या खुणांवरून.

म्हणून खोगिराला आतून लाकडी सांगाडा लागतो. कण्याच्या दोन बाजूंना दोन फळ्या, त्यांना पुढे आणि मागे जोडणाऱ्या दोन कमानी. कणा मधल्या मोकळ्या जागेत सुरक्षित राहतो आणि वजन दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरतं. ऊर्द उलान उनीतचं खोगीर नेमकं याच जातीचं आहे. रिकिबीचा प्रसार म्हणतो तेव्हा खरं तर हा सांगाडा आणि रिकीब अशा जोडीचा प्रसार म्हणायला हवा.

रिकिबीने एक नवा धोकाही आणला. पडताना पाय अडकला तर घोडा स्वाराला फरफटत नेतो. त्यावर ठिकठिकाणी उपाय निघाले. पाय आरपार घुसू नये म्हणून बुटाला टाच आली, पाय ठेवायची पट्टी रुंद झाली. जपानने तर बाजूने उघडी, पाट्यासारखी रिकीब घडवली. तिच्यातून पाय आपोआप सुटतो.

## पश्चिमेकडे तिला कोणी नेलं?

याची सगळ्यात स्पष्ट कहाणी आवार लोकांची आहे. सहाव्या शतकाच्या मध्यावर मंगोलियाच्या मैदानांवरचं रौरान राज्य तुर्कांनी उद्ध्वस्त केलं. इ.स. 558 च्या सुमाराला आवारांचे दूत कॉन्स्टँटिनोपलला बायझंटाईन सम्राट जस्टिनियनच्या दरबारात हजर झाले. 568 मध्ये ते आजच्या हंगेरीच्या मैदानात स्थायिक झाले. हे दोन घटनाक्रम जोडायचे की नाही यावर इतिहासकारांत बराच काळ वाद होता. हंगेरीतल्या आवार सरदारांच्या हाडांतल्या जनुकांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचं मूळ मंगोलियाच्या मैदानांकडेच निघालं. थोड्या वर्षांत हे लोक पाच हजारांहून अधिक किलोमीटर अंतर कापून आले होते, आणि त्यांच्या कबरींत युरोपातल्या पहिल्या लोखंडी रिकिबी आहेत. काही सफरचंदासारख्या गोलसर आहेत, काहींना वर पट्टा ओवायला लांब कान आहे.

बायझंटाईन सैन्याने त्यांच्याकडून किती झटपट शिकून घेतलं, हे सम्राट मॉरिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, इ.स. 600 च्या आसपासच्या लष्करी पुस्तिकेत दिसतं. प्रत्येक स्वाराच्या खोगिराला दोन लोखंडी रिकिबी असाव्यात, असा तिच्यात आदेश आहे. भाले, गळ्याचं संरक्षण आणि अंगरखे आवारांच्या धर्तीचे असावेत, हेही त्यात सरळ लिहिलं आहे.

त्याच पुस्तिकेतली एक तरतूद मला फार आवडते. प्रत्येक तुकडीतले आठ-दहा जण शस्त्राविना, लढणाऱ्या फळीच्या साधारण शंभर फूट मागे ठेवायचे. त्यांचं काम म्हणजे घोड्यावरून पडलेल्या जखमींना उचलून आणणं. त्यांच्या खोगिराला दोन्ही रिकिबी डाव्याच बाजूला लावायच्या, एक नेहमीच्या जागी आणि दुसरी मागच्या कमानीजवळ. म्हणजे स्वार आणि जखमी दोघांनाही एकाच बाजूने चढता येतं. सोबत पाण्याची बाटली द्यायची आणि वाचवलेल्या प्रत्येक माणसामागे त्याला एक सोन्याचं नाणं बक्षीस. हे लिहिणाऱ्याला रिकिबीचा उपयोग पुरता उमगला होता.

अरबांकडे सातव्या शतकाच्या अखेरीस लाकडी रिकिबी होत्या. ऐन लढाईत त्या मोडत आणि स्वार आधार गमावून बसे. खारिजी बंडखोरांशी लढणाऱ्या अल-मुहल्लब या सेनापतीने लोखंडी रिकिबी करवून घेतल्या, असं अरबी परंपरा नोंदवते. पूर्वेकडे कोरिया आणि जपानमध्ये त्या पाचव्या शतकातच पोचल्या होत्या.

## रिकिबीने सरंजामशाही आणली का?

हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट याने 1962 मध्ये असं मांडलं की आठव्या शतकात फ्रँकांचा सत्ताधीश चार्ल्स मार्टेल याच्या काळात रिकीब आली. तिच्यामुळे भाला काखेत आवळून घोड्याच्या पूर्ण वेगाने धडक देणं शक्य झालं. असे स्वार पोसायला पैसा लागतो, म्हणून चर्चच्या जमिनी काढून सरदारांना दिल्या गेल्या आणि त्यातून सरंजामशाही उभी राहिली.

मांडणी आकर्षक आहे, पण पुरावा साथ देत नाही. आठव्या शतकातल्या फ्रँक योद्ध्यांच्या कबरींत रिकिबी फार थोड्या सापडतात. मार्टेलची ख्याती ज्या पॉइटियेच्या लढाईवर (इ.स. 732) उभी आहे, तिच्या जुन्या वृत्तांतात त्याचे सैनिक भिंतीसारखे जागच्या जागी उभे राहून लढल्याचं वर्णन आहे. आणि रिकीब ज्यांच्याकडे फ्रँकांच्या आधी होती त्या आवारांत, बायझंटाईनांत किंवा चीनमध्ये तशी सरंजामशाही उभी राहिली नाही. 1960 आणि 70 च्या दशकांतच इतर इतिहासकारांनी हे आक्षेप नोंदवले होते.

काखेतल्या भाल्याची धडकही रिकिबीवर आपण समजतो तेवढी अवलंबून नाही. धडक बसते तेव्हा स्वार मागे फेकला जातो. मागे जाण्यापासून त्याला अडवते ती खोगिराची उंच मागची कमान, आणि खोगीर जागेवर ठेवतात ते घट्ट तंग. रिकीब पाय रोवायला आणि धडकेनंतर तोल सावरायला मदत करते, पण मुख्य भार कमानीवर असतो. हे सगळं एकत्र यायला आणखी तीनेक शतकं लागली. 1066 च्या हेस्टिंग्सच्या लढाईचं चित्रण असलेला बायूचा भरतकामाचा पट पाहिला तर नॉर्मन स्वारांच्या पायांत रिकिबी स्पष्ट दिसतात. तरीही त्यांतले कित्येक जण भाला डोक्यावर उगारून फेकण्याच्या किंवा भोसकण्याच्या पवित्र्यात आहेत, आणि काखेत धरणारे थोडे.

## एकच रिकीब, वेगवेगळी युद्धं

रिकिबीने युद्धाची एक ठरावीक पद्धत लादली नाही, हे जगभरच्या स्वारांकडे पाहून कळतं. मंगोल तिच्यावर उभे राहून बाण सोडत आणि जवळ न येता शत्रूला थकवत. नॉर्मनांचे वारसदार तिचा उपयोग सरळ धडकेसाठी करू लागले. आपल्या मराठी बारगीर-शिलेदारांनी हलकं खोगीर, भाला आणि तलवार घेऊन लांब पल्ल्याच्या दौडी, रसद तोडणं आणि अचानक छापे यांवर भर दिला. समोरासमोरची जड धडक ते शक्यतो टाळत. पायाखालचं कडं सगळ्यांचं सारखंच होतं. घोड्याची जात, चाऱ्याची सोय, मुलूख आणि सैन्याला पगार कसा मिळतो यांवरून लढाईची रीत ठरे.

रिकीब असलेलं घोडदळ पायदळाला हमखास चिरडतं, हाही समज टिकत नाही. हेस्टिंग्सला इंग्रजांच्या ढालींच्या भिंतीने नॉर्मन स्वारांना दिवसाचा मोठा भाग रोखून धरलं. दाट भाल्यांच्या रांगेवर घोडा स्वतःहून जाऊन आदळत नाही, स्वार कितीही पक्का बसलेला असो. घोडदळाचा जोर फळी फुटल्यावर आणि पळणाऱ्यांवर चालतो. 11 जुलै 1302 ला फ्लँडर्समधल्या कोर्ट्रे इथे उंच खोगिरं, लोखंडी रिकिबी आणि काखेतले भाले असं सगळं काही जवळ असलेले फ्रेंच सरदार ओहोळांनी कापलेल्या मैदानात शहरी कारागिरांच्या पायदळावर चालून गेले. विणकर आणि खाटीक लांब भाले जमिनीत रोवून उभे राहिले. लढाई संपल्यावर मेलेल्या सरदारांच्या टाचांवरचे सोनेरी काटे गोळा करून त्यांनी ते कोर्ट्रेच्या चर्चमध्ये टांगले.